डाव्या कानातली इकामत

मी अल्लाहशी लबाडी करायला गेलो होतो. ही गोष्ट माझ्या बायकोखेरीज फक्त जेऊरच्या एका म्हाताऱ्याला ठाऊक आहे, आणि त्यांचं नाव विचारायचंही मला त्या वेळी सुचलं नाही. लिहायला बसलोय तो कुणाला शहाणपण शिकवायला नव्हे, तेवढं शहाणपण माझ्यापाशी नाही. घाबरलेला माणूस किती मूर्खपणा करू शकतो आणि त्या मूर्खालाही कसं सांभाळून घेतलं जातं, एवढंच सांगायचं आहे.

मी सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहे. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस, तो जॉबर. टॉवेलचे अठ्ठावीस माग एका शेडमध्ये खडखडत असतात, आणि त्या आवाजात शेजारचा माणूस काय बोलतो हे त्याच्या ओठांवरून ओळखावं लागतं. तिथं अजान कुठली ऐकू यायला? मशीद दोन गल्ल्या पलीकडे आहे, पण वीस वर्षांत शेडमध्ये मला तिचा एक शब्द ऐकू आलेला नाही. घड्याळ बघून नमाज पढायची, तीही जमेल तशी. लहानपणी आम्मी अजान सुरू झाली की हातातलं लाटणं खाली ठेवायची आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. ते काय, हे तिनं मला शिकवलंही होतं. पण न वापरलेलं हत्यार गंजतं, तसं माझं झालं. अजान हा आपला वेळ सांगणारा भोंगा, एवढंच माझ्या डोक्यात उरलं होतं.

आमचं पहिलं बाळ, मुलगा, साडेआठ वर्षांपूर्वी झाला. तोही दिवस भरायच्या आधीच आला होता. आमच्यात बाळ जन्मलं की त्याच्या उजव्या कानात अजान देतात आणि डाव्या कानात इकामत. अजान म्हणजे नमाजसाठीचं बोलावणं. इकामत म्हणजे रांग उभी राहताना, नमाज सुरू होण्याच्या अगदी आधी म्हणतात ती. शब्द जवळजवळ तेच, फक्त त्यात ‘कद कामतिस्सलाह’, म्हणजे ‘नमाज उभी राहिली’, हे दोनदा जास्त असतं. मी त्याच्या दोन्ही कानांत सगळं नीट म्हटलं, रडत रडत म्हटलं, पण आनंदानं. तिसऱ्या दिवशी तो गेला. जनाजाच्या, म्हणजे मयताच्या, नमाजला अजान नसते, इकामतही नसते. लोक रांगेत उभे राहतात आणि इमाम सरळ हात उचलतात. कबरस्तानातून परत येताना कुणीतरी वडीलधाऱ्यानं माझी समजूत घालायला म्हणून सांगितलं, “बेटा, माणसाची अजान जन्मल्यावर होते आणि नमाज मेल्यावर. मधे असतं तेवढंच आयुष्य.” त्यांनी चांगल्या मनानंच सांगितलं. पण माझ्या मनात ते काचेसारखं रुतून बसलं. मला वाटायचं, मी ती इकामत एवढ्या घाईनं दिली नसती तर?

पाच वर्षांनी लेक झाली, तीही सातव्या महिन्यात. नसीमचा, माझ्या बायकोचा, रक्तदाब एवढा चढला की डॉक्टरांनी तातडीनं ऑपरेशन केलं. लेकीचं वजन एक किलो दोनशे ग्रॅम. तिला वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं, नसीम खालच्या मजल्यावर सलाइनवर. “बहात्तर तास महत्त्वाचे आहेत,” डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. मागच्या वेळीही बहात्तर तासच सांगितले होते, आणि ते पुरे व्हायच्या आत सगळं संपलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी कांबळे सिस्टरनी मला हात धुवायला लावले, हिरवा गाऊन दिला आणि आत नेलं. पेटीला दोन्ही बाजूंना हात घालण्यापुरत्या गोल खिडक्या होत्या. त्यांनी उजवीकडची उघडून दिली. “अजान द्यायची ना? द्या, पण हळू आवाजात,” त्या म्हणाल्या. अशा कितीतरी बापांना त्यांनी पाहिलं असणार. मी खिडकीशी तोंड नेलं. लेकीचा कान माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता. चार वेळा ‘अल्लाहु अकबर’, अल्लाह सर्वांत मोठा. दोनदा ‘अश्हदु अल्ला इलाह इल्लल्लाह’, मी साक्ष देतो की अल्लाहखेरीज कुणी पूज्य नाही. दोनदा ‘अश्हदु अन्न मुहम्मदर् रसूलुल्लाह’, मुहम्मद अल्लाहचे प्रेषित आहेत याची साक्ष. दोनदा ‘हय्य अलस्सलाह’, या नमाजकडे. दोनदा ‘हय्य अलल्फलाह’, या कल्याणाकडे. पुन्हा दोनदा ‘अल्लाहु अकबर’ आणि शेवटी एकदाच ‘ला इलाह इल्लल्लाह’. पहाटेच्या अजानमध्ये ‘झोपेपेक्षा नमाज बरी’ असं दोनदा जास्त येतं, ते कानात म्हणत नाहीत. झालं. आता पेटीला वळसा घालून डाव्या बाजूला जायचं आणि इकामत द्यायची. माझा पाय उचलेना.

तिथंच ती लबाडी सुचली. एका शुक्रवारी मशिदीत खुतब्याच्या, म्हणजे प्रवचनाच्या, आधीच्या बयानात मी ऐकलं होतं की अजान आणि इकामत यांच्या मधल्या वेळात मागितलेली दुआ परत फिरवली जात नाही. हे खरंच आहे, पैगंबरसाहेबांचंच सांगणं आहे. मी विचार केला, लेकीची अजान झाली. इकामत दिलीच नाही, तर ती त्या मधल्या वेळातच राहील. तिच्यासाठी मागितलेलं काही परत फिरणार नाही, आणि तिच्या जनाजाची नमाज उभी राहणारच नाही. कायदा त्याचाच, पळवाट माझी. मागाचा एखादा भाग मिळत नसला की आम्ही तार बांधून माग चालू ठेवतो, तसलाच हा जॉबरी इलाज होता. मी गाऊन काढून दिला. “झालं? त्या बाजूनं नाही का?” सिस्टरनी विचारलं. मी म्हटलं, “नंतर.”

खाली गेलो तर नसीमनं डोळे उघडून पहिलं हेच विचारलं, दोन्ही कानांत दिली ना? मी ‘हो’ म्हटलं. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग तिनं डोळे मिटले. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि मी तिच्याशी एवढं थेट खोटं त्याआधी कधी बोललो नव्हतो.

बहात्तर तास गेले. लेक जिवंत होती, म्हणून मला वाटलं की युक्ती लागू पडली. मग माझं एक वेडच सुरू झालं. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत मशीद होती, तिथली अजान वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात स्पष्ट ऐकू यायची. वीस वर्षांनी मला दिवसा अजान ऐकू येत होती, आणि मी काय करत होतो? पहिला ‘अल्लाहु अकबर’ कानावर पडला की बाकड्यावर बसून मागायला सुरुवात. तिला वाचव, तिला वाचव, तिचा श्वास चालू ठेव. अजान पुरी व्हायचीही वाट बघायचो नाही. आणि जमातीला, म्हणजे सगळ्यांबरोबरच्या नमाजला, जायचो नाही, कारण मशिदीत गेलं की इकामत होणार आणि तो मधला वेळ संपणार. नमाज नंतर कुठंतरी कोपऱ्यात एकट्यानं उरकायचो. कधी तीही राहून जायची. नमाजसाठी बोलावणं चालू आहे आणि आपण त्याच बोलावण्याच्या नावाखाली नमाज चुकवतोय, हे माझ्या लक्षातही येत नव्हतं.

पाचव्या दिवशी तिचा श्वास मधेच थांबू लागला. सहाव्या दिवशी रक्तात जंतुसंसर्ग निघाला आणि तिला व्हेंटिलेटरवर घेतलं. एवढ्याशा तोंडात नळी, ती जागची हलू नये म्हणून गालांवर चिकटपट्ट्या. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. डॉक्टरांचा आवाज आता मऊ झाला होता, आणि तो मऊ आवाज मला ओळखीचा होता. मी मागत होतो, पण मागण्यात आता आशा नव्हती. मुकादमासमोर तेच तेच बोलणाऱ्या माणसासारखा मी बोलत होतो. खरं सांगायचं तर माझा विश्वासच उडाला होता. नाहीच ऐकायचं तर मग वेळेच्या गोष्टी कशाला सांगतोस, असं मी एकदा वर बघून म्हणालोसुद्धा. नंतर तौबा केली, पण तीही भीतीपोटी. नसीमला मी ‘बरी आहे’ एवढंच सांगत होतो. ती फार विचारायची नाही, आणि ते मला बरंच वाटायचं.

सातव्या दिवशी दुपारी बाकड्यावर माझ्या शेजारी एक म्हातारे येऊन बसले. पांढरी दाढी, धोतर, डोक्याला जाळीची टोपी, पायांत जाड वहाणा. सकाळच्या गाडीनं जेऊरहून आले होते. त्यांच्या लेकीला जुळी मुलं झाली होती, दोन्ही आत पेट्यांत होती. आम्ही थोडं बोललो; दोघांच्याही दोन्ही कानांत सगळं म्हणून झालंय, असं ते म्हणाले. तेवढ्यात जोहरची अजान सुरू झाली आणि मी नेहमीप्रमाणे हात पसरून पुटपुटायला लागलो. माझा आवाज बहुधा मोठा झाला असावा. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे न बघताच त्यांचा तळहात माझ्या तोंडासमोर धरला.

“गप की जरा. अजान चालू हाय.”

मला रागच आला. माझी लेक मरायला टेकली आहे आणि हा कोण मला गप करणारा? पण तो हात तसाच राहिला, म्हणून मी गप्प बसलो. मुअज्जिननं, म्हणजे अजान देणाऱ्यानं, एक ओळ म्हटली आणि तो थांबला. म्हाताऱ्यांचे ओठ हलले. पुन्हा ओळ, पुन्हा थांबणं, पुन्हा ओठ. अजानमधलं ते थांबणं मी जन्मभर ऐकलं होतं. मला वाटायचं मुअज्जिन दम घेतो. तो ऐकणाऱ्यासाठीही थांबलेला असतो, हे आम्मीनं सांगितलेलं मी पार विसरलो होतो. अजान संपली, म्हाताऱ्यांनी आणखी काही म्हटलं, तोंडावरून हात फिरवला आणि मग माझ्याकडे वळले.

“जवाब दिला का न्हाय?”

“कशाचा?”

“कशाचा म्हंजी? त्यानं पुकारलं, त्याचा. जवाब न देताच मागाया लागला व्हय तू?”

मी म्हटलं, चाचा, मला मधल्या वेळात मागायचंय, त्यात वेळ कशाला घालवू? ते हसले नाहीत की चिडले नाहीत. “नमाजला चल,” एवढंच म्हणाले. मी नाही म्हटलं. ते एकटेच गेले, आणि मी बाकड्यावर बसून राहिलो. ते परत आले तेव्हा काय झालं कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. मुलगा, तिसरा दिवस, डावा कान, बायकोशी बोललेलं खोटं, सगळं. सांगताना माझं मलाच ते इतकं पोरकट वाटलं की मान वर करवेना.

चाचा म्हणाले, “त्या वक्ताला मागितलेलं परत जात न्हाय, ह्ये खरं हाय. पर ती वेळ मागायला दिलीया रं, अडवून धराया न्हाय. पोरीला दारात हुभी करून ठेवलीस तू. बोलावलं बी, आन् आत बी घिना.” आणि मग त्यांनी विचारलं, “हय्य अलस्सलाह आलं की काय म्हणतोस?”

मी म्हटलं, “तेच. हय्य अलस्सलाह.”

“त्यो म्हणतोय, नमाजकडं या. बोलावलेल्यानंबी ‘या, या’च म्हणायचं व्हय? मग जायचं कुणी? तितं म्हणायचं, ला हौल व ला कुव्वत इल्ला बिल्लाह. अल्लाहनं दिल्याबिगर ना वळायची ताकद, ना काय करायची. मला यायचंय, पर पाय माझं न्हाईत. मी गावात बांग देतो चाळीस वरीस. दुसऱ्याची बांग कानावर आली का मी बी ह्योच जवाब देतो बघ.”

मग त्यांनी बाकड्यावरच मला सगळं पुन्हा सांगितलं, जसं आम्मीनं सांगितलं होतं. मुअज्जिन म्हणेल ते त्याच्यामागून तसंच म्हणायचं. फक्त दोन्ही ‘हय्य’ना ‘ला हौल’. पहाटेच्या ‘झोपेपेक्षा नमाज बरी’ला ‘सदक्त व बररत’, खरं बोललास आणि भलं केलंस. काही लोक तिथंही तेच शब्द परत म्हणतात, त्यावरून भांडायचं नाही, असंही ते म्हणाले. अजान पुरी झाली की पैगंबरसाहेबांवर दुरूद, म्हणजे त्यांच्यासाठी सलाम आणि कृपेची मागणी. त्यानंतर दुआ. ती त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतली: अल्लाहुम्म रब्ब हाजिहिद्दावतित्ताम्मति वस्सलातिल् काइमति, आति मुहम्मदनिल् वसीलत वल्फजीलत, वबअस्हु मकामम् महमूदनिल्लजी वअद्तह. या परिपूर्ण बोलावण्याच्या आणि उभ्या राहणाऱ्या नमाजच्या मालका, मुहम्मदांना वसीला आणि श्रेष्ठत्व दे, आणि तू ज्याचं वचन दिलंस त्या प्रशंसनीय स्थानावर त्यांना उभं कर. वसीला म्हणजे जन्नतमधली एक जागा, जी अल्लाहच्या एकाच बंद्यासाठी आहे.

“आता ह्यात तुझं काय हाय?” चाचांनी विचारलं.

मी शोधलं. “माझं काहीच नाही.”

“व्हय. म्हणून ह्ये आदी. आपलं गाऱ्हाणं त्याच्या मागनं. आदी दुसऱ्यासाटी हात पसरायचं, मग सोतासाटी. रिकामं हात केलं का मागणं जरा नीट येतं.”

असरची अजान पाचच्या सुमाराला झाली. मी उभा राहिलो. चाचाही माझ्या शेजारी उभे होते. ‘अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर,’ मुअज्जिन थांबला आणि मी म्हटलं. आतल्या मशीनचा टीं-टीं आवाज चालूच होता. प्रत्येक ओळ आधी पूर्ण ऐकायची आणि मगच म्हणायची, त्यामुळं त्या वेळात दुसरं काही मागताच येईना. सात दिवसांत पहिल्यांदा मी काही मागत नव्हतो. साक्षीच्या ओळी झाल्या. मग आलं, ‘हय्य अलस्सलाह.’ मी तोंड उघडलं, ‘ला हौल व ला कुव्वत,’ आणि पुढचे शब्द निघेनात. ताकद नाही. हेच तर मी सात दिवस लपवत होतो, डॉक्टरांपासून, नसीमपासून, स्वतःपासून. मी तिला वाचवू शकत नव्हतो. इकामत देऊनही नाही आणि राखून ठेवूनही नाही. माझ्या मुलालाही माझ्या इकामतीनं मारलेलं नव्हतं. एवढं समजायला मला पाच वर्षं लागली. मी भिंतीला धरलं आणि कसंबसं ‘इल्ला बिल्लाह’ म्हटलं. ती ओळ चारदा म्हणावी लागते, चारदा म्हटली. दुरूद म्हटलं, वसील्याची दुआ म्हटली. मग माझी वेळ आली तेव्हा हात पसरलेले, पण शब्दच नाहीत. ‘ती तुझी आहे,’ एवढंच म्हणालो. मला ती हवी होती, फार हवी होती, पण ते त्याला मी सांगायची गरज नव्हती.

मी चाचांबरोबर मशिदीत गेलो. रांग लागली, मुअज्जिननं इकामत सुरू केली. ‘कद कामतिस्सलाह’ला चाचा शेजारी हळूच म्हणाले, “अकामहल्लाहु व अदामहा.” अल्लाह तिला उभी ठेवो आणि कायम राखो. इकामतीच्या त्या ओळीचं उत्तर हेच असतं. ते नमाजसाठी असतं, मला ठाऊक आहे. पण मी तेव्हा ते माझ्या लेकीसाठीच ऐकलं.

परत येऊन मी हात धुतले, गाऊन घातला आणि पेटीला वळसा घालून डाव्या बाजूला गेलो. सिस्टरनी काही न विचारता तिकडची खिडकी उघडली. मी इकामत सुरू केली. माझी पाठ दाराकडे होती. ‘कद कामतिस्सलाह’ म्हटलं, आणि मागून अगदी बारीक आवाज आला, “अकामहल्लाहु व अदामहा.” मी दचकलो. दुसऱ्यांदा म्हटलं, पुन्हा तोच आवाज. उरलेले शब्द कसेबसे पुरे केले आणि वळून बघितलं. व्हीलचेअरवर नसीम होती. त्याच दिवशी डॉक्टरांनी तिला पहिल्यांदा वर यायची परवानगी दिली होती, आणि आया तिला घेऊन आली होती.

मी तिच्या पायाशी बसलो आणि खोटं बोललो होतो ते कबूल करायला लागलो. तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. आम्ही घरी दखनीत बोलतो. ती म्हणाली, “मेरेकु मालूम था.” पहिल्याच दिवशी तिनं खाली आलेल्या कांबळे सिस्टरना विचारलं होतं, आणि सिस्टर म्हणाल्या होत्या की एकाच बाजूनं झाली आहे. मग बोलली का नाहीस, मी विचारलं. ती पेटीकडे बघत होती. लेकीला तिनं अजून हात लावला नव्हता. म्हणाली, “मीही घाबरले होते. मला वाटलं, राहू दे ती इकामत. द्यायची राहिली तर बरी.” सात दिवस मी वर आणि ती खाली, दोघं एकच दार पाठ लावून धरून बसलो होतो, आणि दोघांना वाटत होतं आपण एकटेच आहोत. तिथंच आम्ही दोघं रडलो. कांबळे सिस्टरनी आमच्याकडे पाठ केली आणि त्या सलाइन तपासत राहिल्या.

त्यानंतर लगेच काही चमत्कार झाला नाही. लेकीची तब्येत होती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा आणायला जिना उतरत होतो. वरून कुणाची तरी चाहूल लागली म्हणून मी बाजूला झालो. चाचा होते. त्यांच्या दोन्ही हातांवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं इतकंसं काही होतं. जुळ्यांतलं एक. ते माझ्या पायरीशी थांबले आणि विचारलं, “दिली का डाव्या कानात?”

“दिली, चाचा.”

“बरं केलंस,” ते म्हणाले आणि सावकाश जिना उतरून गेले. बाहेर जीप उभी होती. त्या जनाजाला जायचं माझ्या मनात होतं, पण लेकीला सोडून जेऊरला जाणं झालं नाही. त्यांचं दुसरं नातवंड आठवड्याभरात बरं होऊन घरी गेलं, असं सिस्टरकडून कळलं. चाचा मला पुन्हा भेटले नाहीत.

म्हणून मी असं कधी म्हणत नाही की मी इकामत दिली आणि लेक वाचली. चाचांनी दोन्ही नातवंडांच्या दोन्ही कानांत वेळच्या वेळी सगळं दिलं होतं. माझ्यापेक्षा त्यांचं मागणं कितीतरी नीट होतं. त्यांचं एक गेलं आणि माझी राहिली. याचा हिशोब मला लागत नाही, आणि आता तो लावायची इच्छाही नाही. दहाव्या दिवशी तिची नळी निघाली. एकावन्नाव्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं. मला मिळालं ते एवढंच की तिला घरी आणताना माझे हात मोकळे होते, काही लपवून धरलेलं नव्हतं. तिला पुढंमागं काही झालं तर मी मोडणार नाही, असं नाही. मोडेन. पण कुणाचा बंदा म्हणून मोडेन, ते मला आता माहीत आहे. त्यासाठी अल्लाहचा शुक्र अदा करायला, त्याचे आभार मानायला, माझ्याकडे शब्द पुरत नाहीत.

कारखान्यात अजूनही अजान ऐकू येत नाही. जोहर आणि असरच्या वेळी मी माग दुसऱ्याच्या हवाली करून शेडच्या बाहेर येतो आणि फाटकापाशी उभा राहतो. तिथं ती येते. मी उत्तर देतो, दुरूद म्हणतो, वसील्याची दुआ म्हणतो. मग माझी पाळी आली की आधी चाचांसाठी आणि त्यांच्या त्या लहानग्यासाठी मागतो. पुष्कळदा त्यानंतर माझं मागायचं काही उरतच नाही.

लेक आता साडेतीन वर्षांची आहे. श्वास अजून जरा धापेचा आहे आणि स्वभाव माझ्यासारखा तापट. परवा संध्याकाळी मी दारात बसून कुणावर तरी फोनवर ओरडत होतो. मगरिबची अजान सुरू झाली आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही. ती आतून पळत आली, माझ्या मांडीवर चढली आणि तिनं आपला पिठानं माखलेला तळहात माझ्या तोंडावर ठेवला. मी गप्प झालो. मुअज्जिन थांबला होता, आमच्या उत्तरासाठी.